प्रश्न १. तुम्हाला सोडवायची असलेली एक समस्या सांगा

ठिबकचे ड्रिपर चोक झालेत हे बहुधा पीक माना टाकू लागल्यावर कळते. ते आठवडा-दोन आठवडे आधी, एक एकराच्या प्लॉटमध्ये, शेतकऱ्याला स्वतःला तासाभरात कळावे, एवढीच आमची समस्या. ‘पाणीबचत’ असे नाव दिले असते तर अर्ज भारदस्त दिसला असता, पण प्रकल्पाच्या बारा आठवड्यांत नेमके काय मोजायचे ते सांगता आले नसते.

साहित्य मोजके आहे: सोळा मग, ५०० मिलीचे मोजपात्र, प्रेशर गेज, घड्याळ. लॅटरल म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी. पहिली, शेवटची आणि मधल्या दोन अशा चार लॅटरल घ्यायच्या. प्रत्येकीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि शेवट इथल्या ड्रिपरखाली तीन मिनिटे मग धरायचा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर तेवढ्यात २०० मिली देतो. सर्वात कमी भरलेल्या चार मगांची सरासरी भागिले सोळांची सरासरी, गुणिले १००, म्हणजे एकसमानता: पाणी सगळीकडे किती सारखे पडते. समजा सोळांची सरासरी १८४ मिली आणि तळच्या चारांची १४२ मिली आली, तर एकसमानता ७७ टक्के. ९० च्या वर उत्तम. ८० च्या खाली गेली की कारण शोधायचे.

खरी चूक इथे होते. आकडा कमी दिसला की लोक थेट आम्ल सोडतात. पण अख्खी लॅटरल सारखीच कमी देत असेल किंवा शेवटाकडे हळूहळू कमी होत जात असेल तर दोष बहुतेक दाबाचा: भरलेला फिल्टर, लॅटरलना पाणी पुरवणारी गळकी सबमेन किंवा वाजवीपेक्षा लांब लॅटरल. साध्या ड्रिपरमध्ये दाब २० टक्के घटला की प्रवाह साधारण १० टक्के घटतो. शेजारशेजारचे ड्रिपर मात्र एक १९० आणि एक ९० देत असतील, तर ते चोक आहेत. म्हणून शेतकऱ्याने स्वतः तपासणी करावी यासाठी आम्ही बनवत असलेल्या कार्डावर पहिला प्रश्न दाबाचा आहे, चोकचा दुसरा.

चोक असेल तर दोन-तीन ड्रिपर कापून बघायचे. पांढरा कडक थर म्हणजे क्षार, त्यावर आम्ल. बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ वा जिवाणू, त्यावर क्लोरीन. रेती निघाली तर फिल्टरची जाळी तपासायची आणि एंड कॅप काढून फ्लशिंग करायचे. आम्ल व क्लोरीन एकत्र कधीही सोडायचे नाही, विषारी वायू तयार होतो. कार्डावर हे लाल अक्षरांत असेल.

जमिनीखालच्या लॅटरल आणि दाब बदलला तरी सारखाच प्रवाह देणारे प्रेशर-कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर आम्ही वगळले आहेत. तांबूस लोहाचा थरही कार्ड फक्त ओळखेल. त्यावर इलाज फिल्टरच्या आधी पाण्याला हवा देऊन गाळ बसवण्याचा, आणि तो वेगळा प्रकल्प आहे.

सहा प्लॉट, दर महिन्याला एक मोजणी. सहापैकी पाच शेतकऱ्यांनी आमच्याशिवाय मोजणी करून योग्य कारण निवडले, तर कार्ड चालले असे आम्ही धरू.