मीटिंगमधल्या एका शब्दाचं स्पेलिंग हवं होतं

मॅडम, नमस्कार. सकाळच्या मीटिंगचे मिनिट्स लिहायला घेतलेत आणि एका शब्दापाशी अडलेय. न्हावा-शेव्याला अडकलेल्या आपल्या दोन कंटेनरचा विषय निघाला, तेव्हा सीएचए म्हणाले, "फ्री डेज संपलेत, आता रोजचं डेमरेज चढतंय." या 'डेमरेज'चं इंग्रजी स्पेलिंग काय? आधी मला 'डॅमेज'च वाटलं, पण मालाची मोडतोड झाल्याचं कुणीच बोललं नाही. बंदरात माल पडून राहिल्याचे पैसे, असाच सगळा रोख होता. damrage, demorage दोन्ही टाइप करून पाहिलं, दोन्हींखाली लाल रेघ येते. मधे u आहे का? r एक की दोन?

पाठोपाठ ते 'डिटेन्शन'पण म्हणाले. ते detention असंच ना? की शाळेतलं वेगळं आणि हे वेगळं? मी दोन्ही चार्जेस वेगळ्या ओळींत टाकतेय, कारण बिलं वेगवेगळी येतील असं ते म्हणत होते.

मिनिट्स चारच्या आत साहेबांकडे जायचेत. मीटिंगमध्ये असाल तर फोन नको, नुसता शब्द टाइप करून पाठवलात तरी चालेल. फोनवर m आणि n मध्ये माझा हमखास गोंधळ होतो.