आगीची तीन चित्रं

शिवाजी पेठेतल्या सुशीलाआज्जींनी वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावरनं कुटून आणली. निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटाला. कांदा उन्हात वाळवून मग कुरकुरीत तळलेला, कारण त्यात ओल राहिली की पावसाळ्यात बरणीला बुरशी धरते. मिरच्या मात्र तेलावर नुसत्या परतलेल्या. काळ्या पडल्या की चटणी कडू.

परातीचा फोटो काढला. नातवानं शिकवल्याप्रमाणं घरच्या ग्रुपवर क्लिपचं चित्र दाबलं, गॅलरीतनं फोटो निवडला, हिरवा बाण दाबला. आयुष्यातला पहिला फोटो गेला.

पहिलं उत्तर पुण्याच्या भाच्याचं: आगीची तीन चित्रं.

आज्जींच्या पोटात गोळा आला. बल्बच्या उजेडात चटणी काळपट दिसत होती खरी. चिमूटभर जिभेवर ठेवली. कडवटपणाचा मागमूस नव्हता.

मग सुनेच्या बहिणीचं डोळ्यांतनं पाणी गळणारं तोंड आलं. गेल्या वर्षीची चटणी बाधली की काय बिचारीला? पाठोपाठ इचलकरंजीच्या नणंदबाईंचे जोडलेले हात. म्हणजे पुरे झालं, आता पाठवू नका. वर फोटोखालच्या दोन खुणा अजून करड्याच. ग्रुपात शेवटच्या माणसानं बघितल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत, हे नातवानं सांगायचं राहिलं होतं. आज्जींना वाटलं, बाकीच्यांनी रागानं बघितलंच नाही.

लिहायला वेळ लागतो म्हणून त्यांनी माईक दाबून धरला. "जळली न्हाई, मंद आचेवर परतलोय" असं सांगायचं होतं. पण बोट लवकर सुटलं, आणि बोट सुटलं की आवाज जातोच. ग्रुपवर पोचलं एवढंच: "जळली..."

मिनिटात फोन खणाणला.

"वैनी, काय जळलं? गॅस बंद केलासा न्हवं?"

"काय जळलं न्हाई वन्सं! तुमीच समदी म्हणालाय न्हवं, चटणी जळली म्हणून. आग टाकलीया त्या पोरानं."

"अवो, आग म्हंजे लई भारी! आन् मी हात जोडले ते किलोभर ठेवा म्हणून."

"मग ती पोरगी रडायली कशाला?"

"रडत न्हाई, हसून हसून पाणी आलंय तिच्या डोळ्यात. फोटोत मागं दादा बघा की!"

आज्जींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. परातीच्या मागं आजोबा आरामखुर्चीत, ठसका लागू नये म्हणून नाका-तोंडावर टॉवेल आवळून, नुसते डोळे वटारून बसलेले.

"बाई गं, ह्यांना कोण बसायला सांगितलं हितं!"

फोन ठेवून त्यांनी कॅलेंडरच्या मागं यादी मांडली. आगवाल्यांना अर्धा किलो, हात जोडणाऱ्यांना किलो, हसणारीला पाव. बेरीज परातीपेक्षा जास्त भरली, तशी नातवाला हाक गेली:

"ओंकार, उद्या सकाळी मिरच्या आणायला जायाचंय. ब्याडगी दोन किलो, संकेश्वरी दोन. देठ हिरवी असली तर घेऊ नगंस, ओली असत्यात."