शिकवणाऱ्यांची शाळा

आदरणीय मुख्याध्यापक, सहकारी शिक्षक, पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

आज ५ सप्टेंबर, डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. सकाळपासून आम्हाला इतकी फुलं मिळाली की उद्या गृहपाठ द्यायला जीभ रेटणार नाही. पण देणार!

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावची सावित्री लग्न होऊन सासरी गेली, तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती जोतिरावांकडे शिकली, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागली. आधी विद्यार्थिनी, मग शिक्षिका. आमच्यातले काहीजण मात्र डी.एड.चं प्रमाणपत्र हाती पडलं की शिकणं संपलं असं समजतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतः शिकावं अशी अपेक्षा आहे. ते तास नुसत्या हजेरीपटावर भरू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

पूर्वी माहिती गुरुजींकडेच असायची. आता ती मुलांच्या खिशातल्या मोबाईलवर आहे, खरी-खोटी एकत्र. ती पाखडायला शिकवणं हे आमचं काम झालं. फॉरवर्ड आला तर 'हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं?' असं मुलांनी विचारावं, आम्हालाही विचारावं. उत्तर येत नसेल तर 'उद्या बघून सांगतो' म्हणायला आम्ही लाजणार नाही.

येत्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर दहावीची मुलं आम्हा शिक्षकांना संगणकावर तक्ते करायला शिकवणार आहेत. पालकांनीही यावं. पहिल्या बाकावर मी बसणार आहे.

धन्यवाद.