काम सोडत असल्याबाबत आणि थकीत कमाई मिळण्याबाबत

दिनांक: 22 जून 2026
भांडुप (पश्चिम), मुंबई

प्रति,
पार्टनर सपोर्ट विभाग, मुंबई
प्रत: टीम लीडर, भांडुप झोन

महोदय / महोदया,

मी भांडुप झोनमध्ये डिलिव्हरी पार्टनर म्हणून काम करत होतो. गुरुवार 18 जूनला मी शेवटचं लॉगिन केलं आणि त्या दिवसापासून स्वखुशीने काम सोडलं आहे. भांडुपपासून पवईपर्यंतच्या लांब ऑर्डरी नव्या रेट कार्डात परवडत नाहीत, हे कारण मी टीम लीडर साहेबांना आधीच सांगितलं आहे. त्यावर आता वाद घालायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की केलेल्या कामाचा हिशोब पुरा करावा.

8 ते 14 जून या आठवड्याची माझी कमाई 4,862 रुपये आहे. हा पेआउट बुधवारी 17 तारखेला यायला हवा होता, तो आलेला नाही. 15 ते 18 जूनचे 1,940 रुपये 24 तारखेच्या पेआउटमध्ये यायचे आहेत. 10 जूनच्या संध्याकाळचा पावसाचा इन्सेंटिव्ह 420 रुपये अ‍ॅपमध्ये दिसत होता. दुसऱ्या दिवशी काही न कळवता तो काढून टाकला. त्या स्लॉटमध्ये मी शेवटपर्यंत ऑनलाइन होतो, एकही ऑर्डर नाकारली नाही. बॅग आणि टी-शर्टचे 1,500 रुपये डिपॉझिट म्हणून सुरुवातीच्या पेआउटमधून हप्त्यांनी कापले होते, तेही परत मिळायचे आहेत. असे एकूण 8,722 रुपये होतात.

पेआउट अडला आहे तो ‘कॅश इन हॅन्ड’मध्ये दिसणाऱ्या 614 रुपयांमुळे. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण चॅटवर हे कोणी नीट वाचलंच नाही. शुक्रवारी 12 जूनला रात्री पवईत एक ऑर्डर कॅशची होती. मी सोसायटीच्या गेटवर पोचलो तेव्हा ग्राहकाने फोनवर सांगितलं की त्यांनी आत्ताच ऑनलाइन पैसे भरले. वर गेल्यावर त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर तुमच्याच अ‍ॅपमधली ‘पेमेंट झालं’ अशी नोंद दाखवली. माझ्या स्क्रीनवर मात्र 614 रुपये घ्या असंच येत होतं. रिफ्रेश केलं, नेट बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांच्याकडे पुन्हा कसे मागायचे? दारातूनच सपोर्टला कॉल लावला, तर तिकडून उत्तर आलं की डिलिव्हर्ड करा, रक्कम आपोआप सुटेल. ती सुटली नाही. तिकीट मात्र ‘सोडवलं’ म्हणून बंद झालं.

ही रोकड माझ्या हातात कधीच आली नाही. त्या ऑर्डरचं पेमेंट कोणत्या मार्गाने आलं हे तुमच्या सिस्टिममध्ये पाहिलं तर लगेच कळेल. ग्राहकाचा त्रास वाढवायची गरज नाही, त्यांनी आपलं काम चोख केलं आहे. बाकी माझ्याकडे कंपनीची कुठलीही कॅश शिल्लक नाही.

एक विनंती कळकळीची आहे. हिशोब मिटेपर्यंत माझा आयडी बंद करू नये. आयडी गेला की लॉगिन जातं, मग आठवड्याची स्टेटमेंट दिसत नाहीत आणि सपोर्ट म्हणतं, रजिस्टर्ड पार्टनर नाही. आमच्या झोनमधल्या एका रायडरचं असंच झालं, त्याचे पैसे आजही अडकलेले आहेत. म्हणून मी सगळ्या स्टेटमेंटचे, त्या ऑर्डरचे आणि तिकिटाचे स्क्रीनशॉट काढून या मेलला जोडले आहेत. पैसे जमा करताना कशाचे किती धरले आणि काय कापलं हे लेखी द्यावं. टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र सुद्धा हवं आहे. ई-श्रमवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून माझी नोंद आहे, तिथे कंपनीकडून काही कळवायचं असेल तर तेही करावं.

माझ्या बाईकचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला जातो. त्यामुळे 30 जूनपर्यंत ही रक्कम अ‍ॅपला जोडलेल्या बँक खात्यात जमा व्हावी. खातं बदललेलं नाही. तोपर्यंत काही हालचाल झाली नाही, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जाऊन कामगार आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार देईन. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आमच्यासारख्या प्लॅटफॉर्म कामगारांची दखल घेतली आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, त्यामुळे आमचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल असा माझा विश्वास आहे. पण तिथवर जायची वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं. पावसापाण्यात, रात्री-अपरात्री मी हे काम इमानाने केलं आहे.

बॅग आणि दोन्ही टी-शर्ट धुऊन ठेवले आहेत. टीम लीडर साहेबांनी वेळ कळवली की हबवर आणून देतो, फक्त सही-शिक्क्याची पोच द्यावी. उत्तर कृपया याच ईमेलवर द्यावं.

आपला,
संतोष
डिलिव्हरी पार्टनर, भांडुप झोन

सोबत: 8 ते 18 जूनची स्टेटमेंट, 12 जूनची ऑर्डर, सपोर्ट तिकीट आणि डिपॉझिट कपातीचे स्क्रीनशॉट