भडंगाची लडी घेऊन होलसेल दुकानात: बोलायची स्क्रिप्ट

(ठिकाण: नाशिक, रविवार कारंजाजवळचं बिस्किट-नमकीनचं होलसेल दुकान. वेळ मंगळवार, सकाळी पावणेअकरा. बुधवारी जायचं नाही, बाजाराचा दिवस असतो. पिशवीत एक ताजी लडी, मुद्दाम ठेवलेलं एक जुनं पाकीट, कात्री आणि भावाचं कार्ड. शेठ गिऱ्हाइकात असतील तर बाजूला उभं राहायचं. बिल होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.)

प्रतिनिधी: नमस्कार शेठ. जयसिंगपूरहून आलोय, भडंग घेऊन. पाच मिनिटं घेतो. मध्ये गिऱ्हाईक आलं तर मी थांबतो, आधी तुमचा धंदा.

शेठ: भडंग? इथं चिवडा चालतो. नाहीतर भेळभत्ता.

प्रतिनिधी: खरंय. नाशिककराला चिवडा सोड म्हणायला मी आलेलो नाही, मार खाईन. पण भेळभत्ता खाणाऱ्याला मुरमुरे, शेंगदाणा, तिखट काही नवीन नाही. आमच्याकडं त्यात लसूण आणि कढीपत्ता जास्त, एवढंच. चव मात्र नंतर. आधी एक काम करा, या पाकिटावरची तारीख वाचा.

(जुनं पाकीट हातात द्यायचं. तारीख शेठनीच वाचायची, आपण वाचून दाखवायची नाही.)

शेठ: हे तर तीन महिन्यांपूर्वीचं आहे. जुना माल दाखवतोस?

प्रतिनिधी: मुद्दाम. आज 97 दिवस झाले. कंपनीच्या गोडाऊनमधलं नाही, माझ्या गाडीच्या डिकीतलं आहे. कात्री घ्या, तुमच्या हातानं कापा.

(कापू द्यायचं. शेठ मूठ भरून तोंडात टाकेपर्यंत गप्प बसायचं. इथं बोललं की सगळं वाया.)

प्रतिनिधी: आवाज आला ना? आता त्यातला एक शेंगदाणा वेगळा काढून चावा. मुरमुरे सादळले तर गिऱ्हाईक एकवेळ चालवून घेतं, पण शेंगदाणा खवट लागला की पाकीट सरळ दुकानदाराच्या तोंडावर येतं आणि तिथून तुमच्याकडं. भडंग खराब होतं ते आधी शेंगदाण्यापासून.

शेठ: मग हा कसा टिकला?

प्रतिनिधी: पाकीट आतून बघा, चंदेरी आहे. तीन थरांचं आहे, बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. आणि फुगलंय म्हणून लोक म्हणतात हवा विकता, तर ती साधी हवा नाही, नायट्रोजन आहे. आत ऑक्सिजन राहिला की तेल खवट होतं, म्हणून तो बाहेर काढायचा. दुसरं म्हणजे लसूण आम्ही पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळतो. ओला राहिलेला लसूण चार दिवसांत अख्खं पाकीट मऊ करतो. छापील मुदत 120 दिवसांची आहे. माल तयार झाल्यापासून आठ दिवसांच्या आत तुमच्या दारात येतो. म्हणजे 112 दिवस तुमचे आणि तुमच्या दुकानदारांचे.

शेठ: ते सगळे असंच सांगतात. सुटतं किती ते बोल.

प्रतिनिधी: बोलतो. छापील किंमत दहा रुपये, वजन 35 ग्रॅम. बाराची लडी, दहा लड्यांची पेटी, म्हणजे 120 पाकिटं. तुम्हाला पेटी 864 ला, जीएसटी धरून, पोच. भाडं आमचं, हमाली तुमची. किराणावाल्याला तुम्ही लडी 96 ला द्यायची, म्हणजे पेटीचे 960. त्याला पाकिटामागं दोन रुपये सुटतात, त्यामुळं तो लडी काउंटरच्या तोंडाशी टांगतो. तुमचे पेटीमागं 96.

शेठ: आणि त्यातला कर?

प्रतिनिधी: तोच सांगणार होतो. त्या 96 मधले साडेचार रुपये जीएसटीत जातात. हातात राहतात 91 च्या वर. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हाच वजन वाढवून 35 ग्रॅम केलंय. मोठ्या ब्रँडच्या पेटीत तुम्हाला काय सुटतं ते मी कशाला सांगू, तुमच्या वहीत आहे. फक्त त्याच वहीत परत आलेल्या मालाचं पान उघडून बघा. कागदावर सुटलेले पैसे तिथं जातात.

(इथं थांबायचं. बरेच शेठ या वाक्यावर स्वतःचीच एखादी हकिगत सांगतात. ऐकून घ्यायची.)

शेठ: मागच्या पावसाळ्यात एकाच्या शेवेच्या अकरा पेट्या माझ्या अंगावर पडल्या. उचलतो म्हणाला, फोनच उचलला नाही.

प्रतिनिधी: म्हणून आमचं कार्डावर लिहून आहे, तोंडी नाही. मुदतीला 30 दिवस उरले असताना तुमच्याकडं जे पडून असेल ते कळवा, पुढच्या गाडीत तेवढा ताजा माल बदलून. मुदत उलटून गेल्यावर सांगाल तर नाही घेणार. उंदरानं कुरतडलेलंही नाही, ते आधीच सांगतो. आणि दुकानदारांना एक निरोप द्या, लडी उन्हात टांगू नका. दोन महिने ऊन खाल्लेल्या पाकिटात लसूण कडवट लागतो. मी स्वतः टांगून बघितलंय.

शेठ: स्कीम काय? दहावर एक?

प्रतिनिधी: स्कीम नाही शेठ.

शेठ: मग कसं जमायचं?

प्रतिनिधी: दहावर एक दिली की पलीकडचा ती एक पेटी भावात मोडतो. लडी 92 ला सुटते. मग तुमचा दुकानदार तुम्हालाच विचारतो, तिकडं 92, तुमच्याकडं 96 का? आठवड्यात सगळ्यांचं मार्जिन संपतं. या गल्लीत माल तुम्हालाच, दुसऱ्या दुकानात ठेवणार नाही. तीन महिन्यांत तुमच्याकडून महिन्याला 40 पेट्या उठल्या नाहीत तर मात्र मी मोकळा. हे आत्ताच बोललेलं बरं.

शेठ: जागा फार खातं हे. हलका माल, पेटी एवढी मोठी.

प्रतिनिधी: खातं. पेटीत जेमतेम सव्वाचार किलो माल, ते कबूल. पण हलकं आहे म्हणूनच माळ्यावर सर्वांत वर जातं, जिथं तेलाचा डबा किंवा साखरेचं पोतं तुम्ही चढवत नाही. फक्त याच्यावर दुसरं काही रचू नका, पाकिटं फुटतात.

शेठ: उधारी?

प्रतिनिधी: पहिली खेप रोख, दुसरीपासून 15 दिवस. पहिल्या खेपेला फक्त पाच पेट्या घ्या, 4,320 रुपये. पाचातल्या एका पेटीच्या लड्या तुमच्या रोजच्या दहा दुकानदारांना एकेक द्या. मी शुक्रवारी त्यांच्याकडं स्वतः फिरतो. कुणाची संपली, कुणाची तशीच आहे, ते तुम्हाला येऊन सांगतो.

(शेठ दुसऱ्यांदा पाकिटात हात घालतात का ते बघायचं. घातला तर बिलबुक काढायचं.)

शेठ: पाच नको. तीन टाक.

प्रतिनिधी: तीन टाकतो. 2,592. बिल कुठल्या नावानं करू, आणि जीएसटी नंबर सांगता का?