पडताळणीच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारणा

आदरणीय महोदया,

मिहानमधील कार्यालयात लेखा कार्यकारी पदासाठी दिलेले ऑफर लेटर मिळाले, मनापासून आभार. सोबतच्या संमतीपत्रात ‘उमेदवारासंबंधी सर्व माहिती, आवश्यक त्या कुणाकडूनही’ एवढेच लिहिले आहे. पडताळणीला माझी हरकत नाही, पण कशासाठी संमती देते आहे ते सहीआधी कळायला हवे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्येही संमती ठरावीक उद्देशापुरतीच धरली आहे.

शिक्षण, नोकरी, पत्ता आणि न्यायालयीन नोंदी तपासणार, असे मी धरते. सिबिल अहवाल किंवा सोशल मीडियाही पाहणार का? न्यायालयीन नोंदी केवळ नावावरून शोधल्या तर दुसऱ्याच कुणाचा खटला माझ्या नावावर दिसू शकतो. माझे नाव व आडनाव नागपुरात बरेच आढळते. म्हणून वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळवूनच निष्कर्ष काढावा, आणि काही विपरीत आढळल्यास निर्णयाआधी मला अहवाल दाखवावा.

नोकरीच्या पडताळणीत दोन अडचणी आहेत. सध्याच्या कंपनीत मी राजीनामा दिलेला नाही, त्यामुळे तिथे फोन किंवा मेल माझा राजीनामा स्वीकारला गेल्यावरच जावा. 2018 ते 2020 मी जिथे होते ती फर्म बंद झाली आहे. तिथून उत्तर येणार नाही आणि शेरा ‘पडताळणी अपूर्ण’ असा पडेल. त्याऐवजी रिलीव्हिंग लेटर, फॉर्म 16, पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट आणि पीएफची सेवा नोंद चालेल का? सेवा नोंद मी स्वतः डाउनलोड करून देईन. फॉर्ममध्ये यूएएनचा पासवर्ड मागितला आहे, तो मात्र देणार नाही. त्याने पीएफचे सगळे खातेच उघडे पडते.

पदवी नागपूर विद्यापीठाची आहे. गुणपत्रिका सगळ्या सत्रांच्या लागतील की शेवटच्याच? त्यांवर माहेरचे नाव आहे, आधार आणि पॅनवर लग्नानंतरचे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरेल की प्रतिज्ञापत्रही हवे? आधारची प्रत शेवटचे चारच अंक दिसणारी देईन. सध्या धरमपेठेत भाड्याने राहते, कायमचा पत्ता वर्ध्याचा आहे. दोन्हीकडे माणूस येणार असेल तर आधी कळवावे, वर्ध्याला आई एकटीच असते. पोलिसांचा चारित्र्य दाखला मीच काढायचा असेल तर आजच सांगावे, त्याला वेळ लागतो.

शेवटचे, पडताळणी कोणती एजन्सी करणार, कागद किती काळ ठेवणार आणि रुजू न झाल्यास ते नष्ट करणार का, हेही संमतीपत्रातच नमूद करावे. आपले उत्तर व दुरुस्त संमतीपत्र मिळाल्यावर दोन दिवसांत सही करून कागदांसह पाठवते.

आपली विश्वासू,
लेखा कार्यकारी पदाची उमेदवार
धरमपेठ, नागपूर