घडी न मोडलेल्या साड्या, कमी केलेल्या किमतीत : ७ ते १६ नोव्हेंबर

नमस्कार,

दिवाळीसाठी मागवलेल्यांपैकी एकतीस पैठण्या, बावीस इरकली आणि चौदा सुती नारायणपेठी दुकानात शिल्लक आहेत. शुक्रवार ७ नोव्हेंबर ते रविवार १६ नोव्हेंबर या काळात त्या कमी केलेल्या किमतीत मिळतील. तुम्ही आमचे नेहमीचे ग्राहक आहात, म्हणून हा निरोप आधी तुम्हाला पाठवतो आहोत.

या साड्या मागे राहण्याचं कारण साधं आहे. हातमागावरची पैठणी नवरात्र तोंडावर आल्यावर मागवून मिळत नाही. साधा पदर आणि बारीक बुट्टी असली तरी तिला काही आठवडे लागतात. अंगभर नक्षी असेल तर काही महिने. त्यामुळे येवल्याच्या विणकरांना दिवाळीचे रंग आषाढाआधीच सांगावे लागतात. यंदा राणी आणि जांभळा हे दोन रंग वसुबारसेच्या आधीच संपले. मोरपिशी, आंबा आणि डाळिंबी मात्र आम्ही जास्त विणून घेतले होते, त्यातले काही नग उरले. पोत, जर आणि वीण या तिन्हींत ते विकल्या गेलेल्या साड्यांइतकेच चांगले आहेत.

दुकानात आलात की पदर उलटून बघा. हाताने विणलेल्या पैठणीत मोर असो की असावली, प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. म्हणून पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. मागे सुटे, लोंबते धागे नसतात. एकधोटी मोरपिशी साडी दारापाशी उजेडात नेऊन हलवा. ताणा निळा आणि बाणा हिरवा असल्यामुळे चालताना ती कधी निळी दिसते, कधी हिरवी. फोटोत हे उतरत नाही, आणि हा रंग मागे राहण्याचं एक कारण तेच असावं असं आम्हाला वाटतं. या संपूर्ण मालातली आमची सर्वांत आवडती साडी हीच आहे. अशा तीन आहेत.

आता किमती. मुनिया काठाची साधी पैठणी १०,५०० ची ८,९०० ला. नारळी काठ आणि अंगभर बुट्टी असलेली १८,५०० ची १५,७०० ला. वर सांगितलेल्या तीन एकधोटी यातच येतात. बांगडी-मोर पदराच्या चार साड्या आहेत, ४६,००० च्या ३९,००० ला. इरकली ३,२०० ची २,४०० ला आणि सुती नारायणपेठी १,८०० ची १,३५० ला. सगळ्या किमती करासहित आहेत. मूळ किंमत म्हणून जो आकडा दिला आहे, तोच दिवाळीत साडीच्या चिठ्ठीवर होता. वेगळी चिठ्ठी लावलेली नाही. जुनी चिठ्ठी साडीसोबतच मिळेल.

यात कमी झाला आहे तो आमचा वाटा. विणकरांची मजुरी साडी मागावरून उतरून हातात आली तेव्हाच पूर्ण चुकती झाली आहे, या किमतींचा तिच्याशी काही संबंध नाही. उन्हाळ्यातल्या लग्नांसाठीचं रेशीम आणि जर आता घ्यायची आहे, त्यासाठी भांडवल मोकळं हवं. माग चालू राहावेत, हाच या दहा दिवसांमागचा हेतू आहे.

काळ्या साड्या या यादीत नाहीत. लाल काठाच्या चंद्रकळेला १४ जानेवारीच्या संक्रांतीपर्यंत मागणी असते आणि तिची योग्य किंमत तिला मिळते. नवरीच्या पिवळ्या आणि हिरव्या साड्याही नेहमीच्याच किमतीत राहतील.

दोन साड्यांबद्दल आधीच सांगायला हवं. डाळिंबी रंगाच्या या दोन पैठण्या नवरात्रापासून दर्शनी कपाटात होत्या. दिव्याच्या उजेडामुळे वरच्या घडीवर वीतभर रंग किंचित उतरला आहे. नेसल्यावर तो भाग आतल्या निऱ्यांमध्ये जातो, पण तो आहे. या दोन्ही १८,५०० च्या साड्या १२,००० ला देत आहोत. त्या दाखवताना ती जागा आम्ही स्वतः उलगडून दाखवू. बाकी सगळ्या साड्या मलमलीत गुंडाळून आडव्या ठेवलेल्या होत्या आणि घडीवर जर मोडू नये म्हणून त्यांची घडी अधूनमधून बदललेली आहे.

दिवाळीत पूर्ण किंमत देऊन साडी घेतलेल्यांना हा निरोप वाचून चुकल्यासारखं वाटू नये. इरकल आणि नारायणपेठी एकाच रंगाच्या बऱ्याच येतात, त्यामुळे तुम्ही घेतलेलीच साडी या यादीत असू शकते. १ ऑक्टोबरनंतर घेतलेली असेल तर पावती घेऊन या. फरकाची रक्कम तुमच्या नावावर जमा करून ठेवू, ती पुढच्या मार्चअखेरपर्यंत कुठल्याही खरेदीत वापरता येईल. पैठण्यांनाही हाच नियम आहे.

आता घेतलेली साडी वर्षभर कपाटात पडून राहील अशी स्थिती नाही. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात. २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. घट मांडताना नेसायला सुती नारायणपेठी हलकी आणि सोयीची. आंबा रंगाची पैठणी सकाळच्या लग्नात फार खुलते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जाणं-येणं असतंच. गोमी काठाची इरकल त्यासाठी आम्ही नेहमी सुचवतो, कारण दिवसभर अंगावर राहिली तरी ती चुरगळत नाही आणि लाल-पांढरा पदर लांबूनही उठून दिसतो. सासूबाईंना किंवा मावशींना आहेर करायचा असेल तर तोही आत्ताच काढून ठेवता येईल.

साडी नीट उलगडून, खांद्यावर टाकून बघायला वेळ मिळावा म्हणून सकाळी अकरा ते एक ही वेळ निवांत आहे. संध्याकाळी गर्दी असते. लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधावी लागते, त्यामुळे रिक्षाने आलात तर बरं. सोमवारी, १० तारखेला, दुकान बंद राहील. पुण्याबाहेर असाल तर ज्या क्रमांकावरून हा निरोप आला आहे त्यावरच रंग कळवा. आम्ही दिवसाच्या उजेडात पदर, काठ आणि मागची बाजू असा व्हिडिओ काढून पाठवू. आवडलेली साडी दोन दिवस बाजूला ठेवू. आगाऊ रक्कम लागणार नाही.

फॉल-पिको नेहमीप्रमाणे आमच्याकडून, चार दिवसांत तयार. घडी मोडली नसेल आणि फॉल लावलेला नसेल तर सात दिवसांत साडी बदलून मिळेल. कपाटातल्या उजेडात ठेवलेल्या दोन डाळिंबी साड्या मात्र बदलून मिळणार नाहीत, त्या नीट बघूनच घ्या.

१६ तारखेनंतर ज्या पैठण्या उरतील त्या परत चिठ्ठीवरच्या किमतीत जातील. किंमत आणखी उतरणार नाही, तेव्हा त्यासाठी थांबू नका.

आपले,
लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातले आम्ही सगळे